शेवटच्या पानावरची चिठ्ठी

(दृश्य: पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी. एकाखाली एक शिक्के. खालचे शिक्के पसरून निळे डाग झालेत.)

ही परतीच्या तारखांची चिठ्ठी. पुस्तक किती हातांतून गेलं, ते हिच्यावरून कळतं. या पुस्तकाची चिठ्ठी दोनदा भरली, दोनदा नवी लावली. हिच्यावर शेवटचा शिक्का पडला आणि त्याच आठवड्यात ग्रंथालयात पाणी शिरलं.

शनिवारी संध्याकाळी आम्ही कुलूप लावलं. रात्री पाऊस झाला. छताला जुनी भेग होती. तिच्यातून पाणी आलं, भिंतीवरून ओघळलं आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या मांडणीत उतरलं. सोमवारी सकाळी दार उघडलं, तेव्हा आधी वास आला. ओल्या कागदाचा, खळीचा वास.

(दृश्य: मांडणीत घट्ट अडकलेली पुस्तकं. एक हात पुस्तकाला लागतो आणि थांबतो.)

पुस्तकं निघेचनात. कागद पाणी पितो आणि फुगतो. कप्पा आधीच गच्च भरलेला असला, तर फुगलेली पुस्तकं एकमेकांना दाबून धरतात. वरून कणा धरून ओढलं, तर कणाच हातात येतो. पहिल्या दोन पुस्तकांचं आमच्या हातून तेच झालं. मग मांडणीची बाजूची फळी उघडली आणि एकेक पुस्तक दोन्ही हातांनी, खालून आधार देत बाहेर काढलं.

ओल्या कागदावर बुरशी धरायला साधारण दोन दिवस लागतात. उकाडा असेल, तर त्याहून कमी. आमचा दीड दिवस कुलपाआडच गेला होता.

पुस्तक परत करायला आलेले सभासद तिथेच थांबले. कुणी घरचे पंखे आणले, कुणी कोऱ्या कागदांचे गठ्ठे. ज्यांच्या फक्त कडा भिजल्या होत्या, ती पुस्तकं पानं थोडी उलगडून टेबलावर उभी केली. उन्हात एकही ठेवलं नाही, कारण उन्हात पानं आखडतात, पुठ्ठा वाकडा होतो. जास्त ओल्या पुस्तकांत थोड्या थोड्या पानांनंतर कोरा कागद घातला. तो भिजला की काढायचा, दुसरा घालायचा. रात्री उशिरापर्यंत हेच चाललं होतं.

चिंब भिजलेली पुस्तकं एवढ्या माणसांच्यानंही आटोपण्यासारखी नव्हती. ती सुटी सुटी गुंडाळून एका सभासदाच्या फ्रीझरमध्ये ठेवली. गोठवल्यानं बुरशी मरत नाही, पण थांबते. आम्हाला तेवढा वेळच हवा होता.

(दृश्य: ग्रहताऱ्यांचं मोठं सचित्र पुस्तक. सगळी पानं चिकटून त्याची वीट झालेली.)

हे मात्र गेलं. चित्रांच्या गुळगुळीत कागदावर पांढऱ्या मातीचा पातळ थर असतो. तो भिजला की मऊ होतो आणि पानं तशीच मिटून वाळली की एकमेकांना कायमची चिकटतात. हे आधी बाजूला काढायला हवं होतं. आमच्या हाती लागलं, तोवर मधली पानं चिकटली होती. सोडवायला गेलं, तर चित्रंच सोलून येत होती.

एक मुलगी दर शनिवारी यायची आणि हेच पुस्तक मांडीवर घेऊन बसायची. घरी न्यायची परवानगी नव्हती, म्हणून वहीत चित्रं उतरवायची. पुढच्या शनिवारी ती आली, थेट त्या मांडणीपाशी गेली आणि रिकाम्या कप्प्यासमोर उभी राहिली. आम्ही तिला ती वीट दाखवली. ती काहीच बोलली नाही. वहीतलं शनीचं चित्र काढलं आणि विचारलं, "हे तुम्हाला ठेवायचंय का?"

(दृश्य: दाखल नोंदवहीत पुस्तकाच्या नोंदीवर मारलेली लाल रेघ. शेजारी टाचणीनं लावलेलं शनीचं चित्र. शांतता.)

ती भेग अजून तशीच आहे. वर ताडपत्री टाकली आहे, पण ती वाऱ्यानं सरकते. आम्ही तुमच्याकडे देणगी मागतोय, ती आधी या छतासाठी. उरेल त्यातून मांडण्या भिंतीपासून हातभर पुढे घ्यायच्या आहेत, खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर उचलायचा आहे. हवेतला दमटपणा दाखवणारं एक छोटं यंत्र घ्यायचं आहे, म्हणजे वास येण्याआधी कळेल. त्यानंतर नवी पुस्तकं. त्या यादीत पहिलं नाव ग्रहताऱ्यांच्या पुस्तकाचं आहे.

पैसे देणं जमत नसेल, तर एक शनिवार द्या. गोठवलेली पुस्तकं अजून थोडी थोडी बाहेर काढून वाळवतोय. कागद बदलायला हात कमी पडतात.

(दृश्य: पहिलंच पुस्तक. पानं लाटांसारखी झालीत, पण सगळी सुटी आहेत. ग्रंथपाल डाग पडलेल्या चिठ्ठीखाली नवी कोरी चिठ्ठी चिकटवतात, शिक्क्याची तारीख फिरवतात. समोर वही छातीशी धरून ती मुलगी उभी आहे. शिक्का पडतो.)