अकराची मीटिंग हुकली, मग मेल कसा लिहायचा?

श्रोतेहो, नमस्कार. समजा, शिरोली एमआयडीसीत तुमचं मशिनशॉप आहे. मंगळवारी अकराला फाउंड्रीच्या परचेस मॅनेजरकडे नव्या कास्टिंगचे मशिनिंगचे रेट ठरायचे होते. तुम्ही डायरीत ते बुधवारच्या पानावर लिहून ठेवलं आणि साडेबाराला लक्षात आलं. आधी फोन करा. उचलला नाही, तर तासाभरात मेल गेलाच पाहिजे.

आपल्याकडं असा मेल ठरलेला असतो : 'काही अपरिहार्य कारणास्तव मीटिंगला उपस्थित राहता आले नाही. गैरसोयीबद्दल क्षमस्व. पुढील वेळ कळवावी.' यात कोण चुकलं हे कुठंच नाही. वर ज्याचा वेळ गेला, त्यालाच नवी वेळ शोधायला लावलंय!

त्यापेक्षा असं लिहा :

'साहेब, नमस्कार. आज अकराच्या मीटिंगला मी आलो नाही. डायरीत ती बुधवारच्या पानावर लिहिली होती, चूक माझीच. तुम्ही आणि क्वालिटीचे साहेब ताटकळलात, त्याबद्दल माफी मागतो. गुरुवारी १२ तारखेला सकाळी १० वाजता किंवा शुक्रवारी १३ तारखेला दुपारी ३ वाजता मी तुमच्या ऑफिसात येतो. अर्धा तास पुरेल. रेटचा तक्ता जोडला आहे. दोन्ही वेळा जमत नसतील तर तुमची सांगा, मी जुळवून घेतो.'

कारण एका वाक्यात संपलं, बघा. तावडे हॉटेलजवळच्या ट्रॅफिकची कहाणी सुरू केलीत की समोरच्याला वाटतं, हा आता आपल्याकडूनच 'असू दे हो' वदवून घेणार. कारण खोटं तर मुळीच नको. गाव लहान, तुमची गाडी त्या वेळी कुठं उभी होती हे सांगणारा कुणीतरी भेटतोच. घरात खरंच दवाखान्याची धावपळ असेल, तर तेवढंच लिहा, तपशील नको.

दोन वेळांपैकी एक सकाळची, एक दुपारची दिली, कारण कुणाची सकाळ शॉपफ्लोअरवर जाते, तर कुणाची दुपार बिलांत. वाराबरोबर तारीखही हवीच, नाहीतर 'येत्या गुरुवारी' म्हणजे हा की पुढचा, यावरून पुन्हा घोळ. उत्तर येईपर्यंत त्या दोन्ही वेळा दुसऱ्या कुणाला देऊ नका. आणि रेटचा तक्ता का जोडला? मीटिंगआधीच त्यांना आकडे बघता येतात, गेलेल्या वेळातला थोडा तरी भरून निघतो.

मेल नवा काढू नका. मीटिंगचं निमंत्रण ज्या मेलवर आलं होतं, त्यालाच 'रिप्लाय ऑल' करा, म्हणजे थांबलेल्या सगळ्यांना तो जाईल. एकट्या मॅनेजरला पाठवलात, तर क्वालिटीच्या साहेबांच्या लेखी तुम्ही अजून आलेलाच नाही.

हीच चूक दुसऱ्यांदा झाली असेल, तर मेलवर भागत नाही, स्वतः जाऊन भेटावं लागतं. पहिल्यांदाच असेल, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाट बघा. उत्तर नाही आलं तर एकच फोन, आणि वेळ पक्की झाली की लगेच कॅलेंडरचं निमंत्रण तुम्हीच पाठवा.