तीन भावांचा गाळा आणि चारशे रुपयांचं युनिट

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. विषय पत्रिकेत छापलाच आहे: रीट म्हणजे काय, आणि ज्याला अख्खी मालमत्ता घेणं परवडत नाही त्याने त्यात पैसे घालावेत का. मी सव्वीस वर्षं बँकेत कर्जविभागात होतो. तारण म्हणून आलेली दुकानं, गोदामं, फ्लॅट पाहणं हे माझं रोजचं काम होतं. तरीही आमच्या घरात जे घडलं ते आधी सांगतो, कारण रीटची, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या इमारती घेणाऱ्या ट्रस्टची, गरज मला तिथे कळली.

वडिलांच्या पश्चात गावाकडची थोडी जमीन विकली गेली. दादा, मी आणि धाकटा, तिघांच्या वाट्याला सारखी रक्कम आली. फ्लॅट कोणालाच एकट्याने परवडत नव्हता. तेव्हा पुण्याबाहेर हायवेला लागून एका व्यापारी संकुलाचं काम चाललं होतं. पहिल्या मजल्यावर २१० चौरस फुटांचा गाळा, किंमत १८ लाख. पैसे एकरकमी भरले तर ताबा मिळेपर्यंत दरमहा एक टक्का देतो, असं बिल्डरने सांगितलं. दादा म्हणाले, "अरे, भाडं आधीपासूनच सुरू!" आम्ही सह्या केल्या. मुद्रांकशुल्क आणि नोंदणी धरून साधारण १९ लाख गेले.

चेक चौदा महिने आले, मग थांबले. ताबा ठरल्यापेक्षा तीन वर्षं उशिरा मिळाला. ज्या दिवशी आम्ही शटर वर केलं त्या दिवशीचं चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. शटरच्या खालच्या पट्टीला गंज चढला होता, भिंतीतून वायरी बाहेर लोंबत होत्या आणि विजेचा मीटर बिल्डरच्याच नावावर होता. तो आमच्या नावावर करून घ्यायला धाकट्याने किती हेलपाटे घातले, हे त्याच्या तोंडूनच ऐकावं.

पुढची सात वर्षं, म्हणजे ८४ महिने, गाळा आमच्याकडे होता. आधी मोबाइल दुरुस्तीवाला आला, मग एक शिकवणी चालली, मग 'भाड्याने देणे आहे' ही पाटी. मी वहीत सगळं लिहून ठेवलंय. ८४ पैकी ५२ महिने भाडं आलं, ७,००० रुपये दराने, म्हणजे ३ लाख ६४ हजार. संकुलाचा देखभाल खर्च महिना १,२००, तो गाळा रिकामा असला तरी भरायचाच. मिळकतकर वर्षाला ९,०००. दोन्ही मिळून सात वर्षांत १ लाख ६३ हजार ८०० गेले. हातात राहिले दोन लाख. दलालाचं कमिशन आणि रंगरंगोटी मी धरलेलीच नाही. १९ लाखांवर हा वर्षाला दीड टक्का झाला.

पण खरं दुखणं परताव्याचं नव्हतं. दादांची बायपास ठरली, चार लाख तातडीने हवे होते. त्यांच्या नावावर सहा लाखांची मालमत्ता होती, कागदोपत्री. पण गाळ्याचा एक तृतीयांश कोण विकत घेणार? शटरचा डावा भाग विकता येत नाही. माझ्याकडे आणि धाकट्याकडे तेव्हा तेवढी रोकड नव्हती. शेवटी वहिनींचे दागिने गहाण पडले. गाळा विकायला पुढे अकरा महिने लागले आणि तो साडेपंधरा लाखांना गेला. वहिनी त्याबद्दल आजवर एक शब्द बोलल्या नाहीत. मला मात्र ते विसरता आलेलं नाही, म्हणूनच मी आज इथे उभा आहे.

मालमत्तेत पैसे घालू नका, असं मी म्हणत नाही. चांगल्या इमारतीत चांगला भाडेकरू असेल तर भाडं हे अतिशय भरवशाचं उत्पन्न आहे. आमच्यासारख्यांना तशी इमारत मिळत नाही, आणि जी मिळते तिचे तुकडे करता येत नाहीत. रीट या दोन्ही अडचणींवर बांधलेली आहे.

ऐरोलीच्या रेल्वे स्टेशनाजवळची ती आयटी पार्कं तुम्ही पाहिली असतील. येरवड्याचं कॉमरझोन, नरिमन पॉइंटचा एक्सप्रेस टॉवर्स, औंधचा वेस्टएंड मॉल, सीवूड्सचा मॉल. या सगळ्या इमारती आज कुठल्या ना कुठल्या रीटच्या मालकीच्या आहेत. ऐरोली आणि येरवडा माइंडस्पेसकडे, एक्सप्रेस टॉवर्स एम्बसीकडे, दोन्ही मॉल नेक्ससकडे. रीट म्हणजे एक ट्रस्ट. तिचे युनिट शेअरसारखे बाजारात विकले जातात आणि डीमॅट खात्यात जमा होतात. सेबीने नियम २०१४ मध्ये केले, पहिली रीट बाजारात आली २०१९ मध्ये. त्या वेळी अर्जालाच दोन लाखांच्या वर रक्कम लागायची, म्हणजे आपल्यातले बरेच जण बाहेरच. २०२१ मध्ये नियम बदलला आणि आता एक युनिटसुद्धा घेता येतं. भाव रीटनुसार शंभर-दीडशेपासून चारशेच्या वरपर्यंत, असे असतात.

नियमांपैकी दोनच लक्षात ठेवा, कारण दोन्ही आमच्या गाळ्याला थेट उत्तर देतात. पहिला, रीटच्या मालमत्तेपैकी किमान ८० टक्के बांधून पूर्ण झालेली आणि भाडं देणारी हवी. ताब्याची वाट पाहत बसायचा प्रश्न बहुतांशी संपला. दुसरा, वाटपयोग्य रोकडीपैकी किमान ९० टक्के युनिटधारकांना वाटावीच लागते, वर्षातून निदान दोनदा. बहुतेक रीट दर तिमाहीला वाटतात.

आयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे, पंधरा मिनिटं राहिली. गाळ्याने वेळ खाल्ला. आता मूळ मुद्दा जरा लवकर सांगतो, पण तो नीट ऐका, कारण इथेच माणसं फसतात.

तुमच्या खात्यात येणारे पैसे म्हणजे नुसतं भाडं नसतं. इमारत थेट ट्रस्टच्या नावावर क्वचितच असते. ती असते एका कंपनीच्या नावावर, आणि त्या कंपनीची मालक ट्रस्ट. शिवाय ट्रस्टने त्या कंपनीला कर्जही दिलेलं असतं. भाडेकरूचं भाडं कंपनीकडे येतं, आणि तिथून ते तीन वाटांनी वर जातं: कर्जावरचं व्याज म्हणून, लाभांश म्हणून आणि कर्जाची परतफेड म्हणून. तुम्हाला ते याच तीन नावांनी मिळतं.

समजा, दादांनी ४०० रुपयांना १०० युनिट घेतले. हे आकडे मी हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतोय. गुंतवले ४०,०००. दर तिमाहीला युनिटमागे ६ रुपये मिळाले, त्यात २ व्याज, ३ लाभांश, १ कर्जफेड. वर्षाला २,४०० आले. दलाल सांगणार, सहा टक्के. आता फोड करा. व्याजाचे ८०० दादांच्या उत्पन्नात मिळवले जातात, त्यांच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो आणि दहा टक्के टीडीएस आधीच कापला जातो. लाभांशाचे १,२०० करमुक्त, पण त्या खालच्या कंपनीने कमी दराची नवी करपद्धत घेतलेली नसेल तरच. उरलेले ४०० ही कर्जफेड. कायदा म्हणतो, हे तुमचंच भांडवल परत आलं. म्हणून त्यावर आज कर नाही, पण तुमची खरेदी किंमत ४०० वरून ३९६ धरली जाते आणि विकताना नफा तेवढा वाढतो. म्हणजे उत्पन्न म्हणावं असे २,०००, पाच टक्के. मी हा भाग उत्पन्नात धरत नाही आणि तुम्हीही धरू नका. इमारत जुनी होते, लिफ्ट आणि एसी कधीतरी बदलावे लागतात. हे ४०० महिन्याच्या खर्चात संपवले तर आपण हळूहळू गाळाच खातोय.

ही फोड दर तिमाहीच्या वाटपाच्या घोषणेत छापलेली असते. युनिट घेण्याआधी मागच्या चार घोषणा काढा आणि ज्या रीटमध्ये कर्जफेडीचा वाटा मोठा आहे तिचा परतावा दुसरीशी तसाच्या तसा ताडून पाहू नका.

दुसरी गोष्ट बघायची ती भाडेकरूची. करार नऊ किंवा पंधरा वर्षांचा लिहिलेला असतो आणि तो वाचून बरं वाटतं. पण आपल्याकडे बहुधा पहिली तीन ते पाच वर्षंच भाडेकरू बांधलेला असतो. त्यानंतर नोटीस देऊन तो जाऊ शकतो, मालकाला मात्र त्याला काढता येत नाही. करोनाच्या काळात ऑफिसं ओस पडली तरी कंपन्या करारानुसार भाडं भरत होत्या. अडचण नंतर दिसली. सेझमधल्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रातल्या, जागांना मिळणारी करसवलत नव्या कंपन्यांना २०२० नंतर उरली नाही, सेझमधल्या रिकाम्या मजल्यांवर सेझबाहेरची कंपनी आणता येईना, आणि ते मजले तसेच पडून राहिले. २०२३ च्या डिसेंबरमध्ये एकेक मजला सेझमधून बाहेर काढायची परवानगी मिळाली तेव्हा वाट मोकळी झाली. म्हणून तिमाही अहवालात किती टक्के जागा भरली आहे, आणि पुढच्या दोन वर्षांत किती टक्के भाड्याचे करार संपतात, हे दोन आकडे शोधा. आमच्या पाटीचं तेच मोठं रूप आहे.

तिसरं, भाव पडतो. व्याजदर वाढले की लोक रीट विकून ठेवीकडे वळतात आणि इमारतीला काहीही झालेलं नसताना युनिट खाली येतं. ज्या पैशाची वर्षभरात गरज आहे तो इथे घालू नका. पण गरज पडलीच, तर दादा शंभरातले तीस युनिट एका सकाळी विकू शकतात आणि पैसे दुसऱ्या दिवशी खात्यात दिसतात. पडत्या भावात तोटा होईल, होऊ दे. दागिने कपाटात राहतील.

शेवटच्या रांगेतून प्रश्न आलाय: छोट्या रीटचं काय? हो, २०२४ पासून एसएम रीट आल्या आहेत, ५० ते ५०० कोटींच्या मालमत्तेसाठी. पण तिथे किमान रक्कम १० लाख आहे, आणि सगळे पैसे बहुतेकदा एकाच इमारतीत, दोन-चार भाडेकरूंवर अवलंबून असतात. विकायला गेलात तर समोर दहा लाखांचा गिऱ्हाईक हवा. आमच्या गाळ्यालाही तोच मिळत नव्हता. मी घेतलेली नाही.