कोणाचाही अंगठा चालणारा फोन

[दृश्य : टेबलावर एक फोन, पडद्यावर पारदर्शक मऊ कव्हर. एक अंगठा टेकतो, फोन उघडतो. मग दुसऱ्याच माणसाचा अंगठा टेकतो. फोन पुन्हा उघडतो.]

ऑक्टोबर २०१९. ब्रिटनमधल्या एका बाईंकडे सॅमसंगचा गॅलेक्सी एस-१० होता. पडद्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून त्यांनी ऑनलाइन एक जेलचं कव्हर मागवलं, तीन पौंडांच्याही आतलं. फोनमध्ये नोंद फक्त उजव्या अंगठ्याची होती. पण डावा अंगठा टेकवला, तरी फोन उघडला. त्यांनी नवऱ्याला हाक मारली. त्याचे तर दोन्ही अंगठे चालले.

बातमी पसरली, तशी दक्षिण कोरियातल्या काकाओ बँकेने आपल्या ग्राहकांना सांगितलं, की दुरुस्ती होईपर्यंत ठशाची सोय बंद ठेवा. त्याच महिन्यात सॅमसंगने सॉफ्टवेअरची दुरुस्ती पाठवली आणि लोक ही गोष्ट विसरूनही गेले. आपण मात्र तिथेच थोडं थांबू. कुलूप तुटलं नव्हतं, कोणी हॅकर आला नव्हता, आणि तरीही फोन घरातल्या कोणालाही आत घेत होता. हे झालं कसं?

[दृश्य : पडद्याचा आडवा छेद. खालून लहरी वर जातात, काही परत येतात.]

या फोनचा सेन्सर काचेखाली असतो आणि तो ठशाचा फोटो काढत नाही. तो आपल्याला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी वर सोडतो. बोटाच्या रेषेचा उंचवटा जिथे काचेला टेकलेला असतो, तिथे लहर बरीचशी कातडीत शिरते. दोन रेषांमधल्या खाचेत हवा असते, आणि हवेवर आपटून लहर जवळजवळ सगळी माघारी येते. कुठून किती परत आलं, यावरून उंचसखल भागाचा नकाशा तयार होतो.

आता या काचेवर ते कव्हर ठेवा. काही सिलिकॉन कव्हरांवर स्वतःचीच बारीक उंचसखल नक्षी होती, आणि सेन्सरने ती नक्षीच ठसा म्हणून ओळखली, असं सॅमसंगने सांगितलं. कव्हर लावलेलं असताना बोटाची नोंद केली, तर काय होईल बघा. फोन जे साठवतो त्यात थोडं बोट असतं आणि बरंचसं कव्हर. नंतर त्याच कव्हरवर नवऱ्याने अंगठा ठेवला, तर बोट वेगळं असलं तरी कव्हर तेच. फोन म्हणतो, ओळखीचं आहे, या आत. सॅमसंगचा सल्लाही तसाच होता : कव्हर काढा, जुने ठसे पुसा आणि नव्याने नोंद करा.

त्यामुळे पडद्याला नवीन गार्ड बसवला, की घरातल्या दुसऱ्या कोणाचं तरी बोट एकदा लावून बघावं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

[दृश्य : बोट उचला, टेकवा, पुन्हा उचला. पडद्यावर रेषा हळूहळू भरत जातात.]

नोंद करताना फोन आपल्याला इतक्या वेळा बोट उचलायला आणि टेकवायला का लावतो? सेन्सर लहान असतो, त्यात अख्खं बोट मावत नाही. म्हणून तो तुकडे गोळा करतो. मग त्या तुकड्यांतून खुणा काढतो : रेष कुठे संपते, कुठे फुटून दोन होतात, कोणत्या कोनात वळते. लहानपणी आपण एकमेकांच्या बोटांवर चक्रं किती आणि शंख किती ते मोजायचो. फोनला त्यातून फारसं काही मिळत नाही, कारण चक्र लाखोंच्या बोटांवर असतं. या बारीक खुणांच्या आकड्यांची जी नोंद उरते, तिला टेम्प्लेट म्हणतात.

पुढे तुम्ही बोट टेकवता, तेव्हा फोन नव्या तुकड्याची या नोंदीशी तुलना करतो आणि गुण देतो. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायची. त्याला ‘हीच ती व्यक्ती’ असं उत्तर कधीच मिळत नाही, मिळतो तो फक्त साम्याचा आकडा. तुमचंच बोट असलं, तरी दोन वेळा तोच आकडा येत नाही. दाब बदलतो, कोन बदलतो, थंडीत कातडी सुकते. म्हणून कुठेतरी उंबरठा ठरवावा लागतो. समजा, शंभरपैकी साठ. साठाच्या वर गुण मिळाले तर आत, नाहीतर बाहेर.

आईने भांडी घासून, हात नीट न पुसता अंगठा टेकवला आणि गुण मिळाले बावन्न. दार बंद. हा खोटा नकार. एखाद्या परक्या माणसाच्या बोटाचा नेमका तुकडा जुळला आणि गुण मिळाले एकसष्ट. दार उघडलं. हा खोटा स्वीकार. उंबरठा पन्नासावर आणला तर आईची कटकट संपेल, पण परक्यांची वाट सोपी होईल. सत्तरावर नेला तर परके अडतील आणि आई रोज वैतागेल. नुसता उंबरठा हलवून दोन्ही चुका एकदम कमी करता येत नाहीत. त्यासाठी चांगला सेन्सर लागतो, किंवा जास्त नीट केलेली नोंद.

बोटाच्या ज्या लॉकवर बँकेच्या अ‍ॅपने विसंबावं, त्यासाठी अँड्रॉइडच्या नियमांत सगळ्यात वरचा एक वर्ग आहे. त्यात खोटा स्वीकार ५०,०००त एकापेक्षा जास्त चालत नाही. खोटा नकार मात्र दहा टक्क्यांच्या आत असला म्हणजे पुरे. दोन आकड्यांमधलं अंतर बघा. दहा वेळांतून जवळपास एकदा मालकालाच हाकललं तरी चालेल, पण परका पन्नास हजारांत एकच. फोनवर हा सौदा परवडतो, कारण नकार मिळाला तरी पिन असतोच.

आता थोडा हिशेब. अ‍ॅपलही आपल्या टच आयडीसाठी एका बोटाला ५०,०००त एक हाच आकडा सांगतं. परक्याच्या हातात फोन पडला आणि त्याने पाच वेगवेगळी बोटं लावून बघितली, तर संधी पाचपट : दहा हजारांत एक. पाच प्रयत्न फसले की फोन पासकोड मागतो, म्हणून हिशेब तिथेच थांबतो. पण तुम्ही एकाऐवजी पाच बोटं नोंदवली असतील, तर प्रत्येक प्रयत्नालाच दहा हजारांत एक संधी मिळते, आणि पाच प्रयत्नांचे मिळून झाले दोन हजारांत एक. नवऱ्याचं एक, मुलीचं एक, ‘असू दे सोयीला’ म्हणून आणखी दोन, असं करताना उंबरठा न हलवताच आपण दार रुंद करत असतो.

आणि हा आकडा फक्त सहज येऊन बोट लावणाऱ्या परक्याचा आहे. मुद्दाम बनवलेल्या नकली बोटाचा त्यात हिशेबच नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये टच आयडी असलेला पहिला आयफोन बाजारात आला आणि काही दिवसांतच जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संघटनेने काचेवर उमटलेल्या ठशाचा फोटो काढून, तो जाड शाईने पारदर्शक कागदावर छापून, त्यावर लॅटेक्स ओतून एक पातळ ठसा बनवला. त्यावर तोंडाची वाफ दिली, की फोन उघडत होता. नकली बोटं किती वेळा चालतात, हे म्हणूनच वेगळं मोजावं लागतं.

[दृश्य : फोनच्या आतला प्रोसेसर. त्याचा एक कोपरा वेगळ्या रंगात उजळतो.]

ही टेम्प्लेट असते कुठे? २०१५ मध्ये फायरआय या कंपनीच्या संशोधकांनी एचटीसी वन मॅक्स हा फोन तपासला. त्यात ठशाचं चित्र एका साध्या फाइलमध्ये पडलेलं होतं :

```
/data/dbgraw.bmp
```

फाइलची परवानगी होती 0666. म्हणजे फोनमधलं कुठलंही अ‍ॅप ती वाचू शकत होतं. वर, दर वेळी बोट लावलं की चित्र ताजं व्हायचं. नावातले dbg हे डिबगचे असावेत असं वाटतं. चाचणीसाठी कोणीतरी ठेवलेली फाइल विक्रीच्या फोनमध्ये तशीच राहिली, असा माझा अंदाज. कंपनीने नंतर ती चूक दुरुस्त केली.

आज चांगल्या फोनमध्ये रचना वेगळी असते. सेन्सरचं चित्र थेट प्रोसेसरमधल्या एका बंदिस्त भागाकडे जातं, आणि तिथे फोनच्या मुख्य सॉफ्टवेअरलाही डोकावता येत नाही. तुलना तिथेच होते. टेम्प्लेट बाहेर ठेवली तरी ती अशा किल्लीने कुलूपबंद असते, जी त्या भागातून कधी बाहेर पडत नाही. अ‍ॅपला कळतं ते एवढंच : जुळलं की नाही. याचा पुरावा तुम्ही अनुभवलेला आहे. नवा फोन घेतला की फोटो येतात, संपर्क येतात, वॉट्सअ‍ॅपही येतं. पण बोट पुन्हा पहिल्यापासून नोंदवावं लागतं, कारण ते बॅकअपमध्ये नसतंच.

आधारचं उलट आहे. तिथे ठसे एका केंद्रीय साठ्यात असतात आणि रेशन दुकानातल्या यंत्रावर टेकवलेल्या अंगठ्याची तुलना त्या साठ्याशी होते. ऊस तोडून, माती उपसून रेषा झिजलेल्या माणसाला तिथे नकार मिळाला, तर डोळ्यांच्या बुबुळाचा किंवा ओटीपीचा पर्याय असतो खरा, पण यंत्र आणि रेंज दोन्ही असतील तरच. फोनवर खोट्या नकाराने दोन सेकंद जातात. इथे धान्यासाठी दुसरी खेप पडू शकते. त्यामुळे दहा टक्के नकार चालतील, हे गणित फोनसाठी लिहिलेलं आहे, हे विसरून चालत नाही.

[दृश्य : अंधारात एक चेहरा. त्यावर अदृश्य ठिपक्यांचं जाळं उमटतं.]

चेहऱ्याची गोष्ट थोडक्यात. बऱ्याच फोनमध्ये हे काम साध्या सेल्फी कॅमेऱ्यावर चालतं. असा फोन चेहऱ्याने उघडतो, पण बँकेचं अ‍ॅप बोटच मागतं, कारण ते लॉक अनेकदा खालच्या वर्गात मोडतं. आयफोनचा फेस आयडी चेहऱ्यावर ३०,०००हून जास्त इन्फ्रारेड ठिपके टाकून खोली मोजतो. अ‍ॅपल त्यासाठी दहा लाखांत एक हा आकडा देतं आणि लगेच सांगतं, की जुळी, सारख्या चेहऱ्याची भावंडं आणि तेरा वर्षांखालची मुलं यांच्या बाबतीत शक्यता वाढते.

त्यातही एक बारकावा आहे. चेहरा थोडक्यात चुकला आणि लगेच तुम्ही बरोबर पासकोड टाकला, तर फोन समजतो की मालकच आहे, दाढी वाढली असेल. मग तो नवा चेहरा जुन्या नोंदीत भरतो. आता समजा, तुमच्यासारख्याच चेहऱ्याच्या धाकट्या भावाला पासकोड माहीत आहे. तो फोन बघतो, उंबरठ्याच्या जरासा खाली अडतो, पासकोड टाकतो. असं होत राहिलं, तर टेम्प्लेट हळूहळू भावाकडे सरकू शकते. फोन कधी विनापासकोड भावाला उघडू लागला, तर सेटिंगमध्ये जाऊन फेस आयडी पुसायचा, चेहरा नव्याने नोंदवायचा, आणि आधी पासकोड बदलायचा. नाहीतर नव्या नोंदीचंही हळूहळू तेच होईल.