गॅस सिलिंडर नको, पण आधी पोलॅरिटी बदला: फ्लक्स कोर वायरने ट्रॉलीचा फाळका जोडताना

नमस्कार मंडळी. मागं दिसतेय ना ट्रॉली, तिच्या फाळक्याचा बिजागर निघालाय, म्हणजे बिजागर धड आहे पण तो ज्या पाच मिमीच्या पट्टीवर बसवलेला ती खालच्या चॅनेलपासून सुटलीय. ऊस भरायचाय, ट्रॉली रानात उभी, वर्कशॉप पंधरा किलोमीटरवर. आणि वारा ऐका, माईकमध्ये येतच असेल.

आता या वाऱ्यात सीओटू लावून वेल्डिंग करायला गेलो तर गॅस टॉर्चमधून बाहेर पडल्या पडल्या उडून जाणार, अन् टाका जाळीदार होणार. रॉडने होईल, रॉडला मी वाईट म्हणत नाही, पण आपल्याकडं छोटं मिग मशीन आहे तर त्यातच ही वायर टाकली की काम होतं. हिला फ्लक्स कोर म्हणतात, आतून पोकळ नळी आणि पोकळीत पावडर भरलेली. पावडर जळली की तिचा धूर वितळलेल्या लोखंडाला हवेपासून वाचवतो, शिवाय आतल्या अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमसारख्या गोष्टी घुसलेल्या ऑक्सिजन-नायट्रोजनला बांधून टाकतात, आणि उरलेलं वर खपली होऊन बसतं, तोच स्लॅग. म्हणजे वेल्डिंग रॉडच आतला बाहेर अन् बाहेरचा आत केलाय समजा.

दुकानात मात्र फक्त फ्लक्स कोर द्या असं म्हणू नका. स्पूलच्या लेबलवर बघा. E71T-GS किंवा E71T-11 लिहिलेलं पाहिजे. E71T-1 नावाची पण फ्लक्स कोर वायर येते, ती गॅसवरच चालते, गॅसशिवाय चालवली तर पूर्ण टाक्याला भोकं पडतात आणि माणूस मशीनला शिव्या देतो. GS एकाच थरासाठी असते, थरावर थर चढवायला ती बनलेली नाही. फाळक्याला मी T-11 घेतलीय, ०.८ मिमी, कारण कुठं घासून परत भरावं लागलं तर अडचण नको.

आता खरी गोष्ट, पोलॅरिटी. मी ही वायर पहिल्यांदा लावली तेव्हा अर्धा दिवस घालवला होता. गॅस बंद, सिलिंडर काढून ठेवला, वायर लावली, टाका मारला तर दिवाळीतला अनार. पत्र्यावर शिंतोडे, टाका वर फुगलेला, दोरी टाकल्यासारखा, आत गेलाच नाही, स्लॅग हातोडीने निघेना. व्होल्टेज वाढव, कमी कर, वायर स्पीड वाढव, कमी कर, सगळं करून झालं. शेवटी ओळखीतले एक जुने वेल्डर आले, मशीनचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि हसले. टॉर्च प्लसवर होती.

तर समजून घ्या. साध्या भरीव मिग वायरला गॅसवर चालवताना टॉर्च प्लसला असते आणि अर्थचा चिमटा मायनसला. मशीन कंपनीतून बहुतेक वेळा असंच जोडून येतं. या गॅसशिवायच्या वायरला उलटं लागतं, टॉर्च मायनस, अर्थ प्लस. लेबलवर डीसी मायनस किंवा डीसीईएन असं लिहिलेलं असतं, तेच. आतली पावडर तशा चालीसाठीच बनवलेली असते, उलटं लावलं की आर्क खडबडीत होतो. गॅसशिवायच्या काही जाड वायरी प्लसवरही चालतात, म्हणून सवयीवर जाऊ नका, लेबल वाचा.

(कॅमेरा मशीनच्या आत)

बदलायचं कसं ते दाखवतो. आधी मशीन बंद आणि प्लग काढा, नुसतं बटण नाही, प्लग. बाजूचं झाकण उघडा, वायर ढकलणाऱ्या रोलरच्या आसपास दोन बोल्ट दिसतील, वर प्लस आणि मायनसची खूण असते. दोन्हीवरच्या केबलींची अदलाबदल करायची आणि नट पान्याने चांगला आवळायचा, ढिला राहिला तर तिथंच गरम होऊन जळतो. काही इन्व्हर्टर मशीनला झाकण उघडायची गरज नाही, पुढच्या बाजूला एक छोटी केबल लोंबत असते, ती टॉर्चचीच असते, ती मायनसच्या सॉकेटमध्ये घालायची आणि अर्थची केबल प्लसमध्ये. झालं, दोन मिनिटाचं काम. आणि हो, पुन्हा गॅसवर जाताना परत उलटं करायचंय हे विसरू नका, मी झाकणावर खडूने लिहून ठेवतो.

दुसरं, रोलर. पोकळ वायर आहे, गुळगुळीत रोलरने जोरात दाबली की चपटी होते आणि टॉर्चच्या तोंडाच्या टिपमध्ये अडकते. दातेरी रोलर लावा, नसेल तर दाब एकदम कमी ठेवा. किती कमी? हातमोज्यातून टॉर्चपुढची वायर बोटांनी अडवा, रोलर घसरला पाहिजे, वायर घडी पडून गोळा व्हायला नको. अडवताना टॉर्च कशालाही टेकवू नका, ट्रिगर दाबला की वायरीत करंट असतो.

आता वायर स्पीड. नवीन मुलं याला फक्त स्पीड समजतात, पण मिगमध्ये वायर जितकी जास्त येणार तितके अँपिअर वाढणार, म्हणजे हाच तुमचा करंटचा नॉब. व्होल्टेज आर्कची लांबी ठरवतं. झाकणाच्या आत तक्ता असतो, त्यावरून व्होल्टेज लावायचं, मग त्या व्होल्टेजवर स्पीड जुळवायचा. या कामाला मी व्होल्टेज साधारण सोळा ठेवलंय. स्पीड किती आलाय ते मोजायला सोपा उपाय, ट्रिगर सहा सेकंद दाबा आणि बाहेर आलेली वायर मोजा, त्याला दहाने गुणा. माझी चाळीस सेंटीमीटर आली, म्हणजे मिनिटाला चार मीटर. मीटरवर आर्क चालू असताना शंभर-एकशेदहाच्या आसपास अँपिअर दिसतात. तुमच्या मशीनला हा आकडा तसाच लागू पडेल असं नाही, पण कुठून सुरू करायचं ते कळतं.

भंगारात ह्याच जाडीची पट्टी घ्या आणि आधी तिच्यावर टाके मारा. स्पीड जास्त असेल तर वायर लोखंडाला टोचते, टॉर्च हाताला मागं ढकलते, फटफट आवाज येतो, न वितळलेले वायरीचे तुकडे उडतात. कमी असेल तर वायर वर वर जळत टिपपर्यंत येते, टिपला चिकटते आणि मग नवीन टिप लावायला लागते. बरोबर असेल तर तापलेल्या तेलात मिरचीचे तुकडे टाकल्यावर येतो तसा सलग चर्र आवाज येतो. मी कमी स्पीडवरून सुरू करतो, टॉर्च ढकलायला लागेपर्यंत वाढवतो आणि मग थोडं मागं येतो.

इथं एक गंमत सांगतो. रानातल्या मोटारीच्या खोलीतून पातळ एक्स्टेंशन लांबवर ओढून आणलं होतं, तर भंगारावर छान बसलेली सेटिंग मधेच थंड पडायला लागली. केबलमध्येच व्होल्टेज पडत होतं. गुंडाळलेली केबल पूर्ण उलगडली, तरी पुरेना, शेवटी जाड केबल आणली तेव्हा आर्क मूळ जागेवर आला. त्यामुळं बाहेर काम करताना नॉब फिरवायच्या आधी केबलकडं बघा.

टाका मारताना वायरचा टोकाचा भाग टिपपासून बारा ते पंधरा मिमी बाहेर ठेवायचा, गॅसवाल्यापेक्षा जास्त, त्यामुळं वायर आधीच तापते. जास्तच लांब धरली तर आर्क दुबळा पडतो. आणि टॉर्च ओढत न्यायची, ढकलायची नाही. वायरचं तोंड मागं राहिलेल्या टाक्याकडं थोडं झुकवा आणि टाक्यापासून लांब सरकत जा. ढकलत गेलात तर स्लॅग पुढं पळतो आणि टाक्याखाली पुरला जातो.

तर फाळक्याचं काम. ट्रॅक्टर आधी सोडून बाजूला नेला, त्याच्या इलेक्ट्रिकलमधून करंट फिरायला नको. पट्टी आणि चॅनेलवरचा रंग, गंज, माती ग्राइंडरने चकाकेपर्यंत साफ केली. अर्थचा चिमटा चॅनेललाच, घासलेल्या जागी. चाकाला लावला तर करंट बेअरिंगमधून जाईल. गॅल्व्हनाइज पत्रा असेल तर जस्त घासून काढा आणि वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला उभे राहा, तो धूर अंगात भिनला की रात्री थंडी-ताप येतो. इथं सोबत उभे असलेले तात्या म्हणतात, एवढं कशाला, रंगावरूनच मार. तात्या, रंगावरून मारला तर रंग जळून त्याचा वायू आत अडकतो, पुन्हा पुढच्या खेपेला तुम्हीच फोन करणार.

चार टाके टोकांना, मग बाजू बदलत बदलत दोन्ही बाजूंनी पूर्ण टाका.

(थंड झाल्यावर)

आता स्लॅग. चष्मा घाला, हेल्मेटची काच वर केली म्हणून चष्मा काढू नका, गरम खपली उडून डोळ्यात जाते. थोडं थंड होऊ द्या, मग चिपिंग हातोडीने हलकं टोका आणि लगेच वायर ब्रश. सेटिंग बरोबर असेल तर खपली पट्टीने सुटते. टाक्याच्या कडेला चिकटून राहत असेल तर टाका बहुतेक वेळा वर फुगलाय, व्होल्टेज अर्ध्या पॉइंटनं वाढवून बघा. आणि व्होल्टेज फार वाढवलंत की वेगळंच होतं, आर्क लांब होतो, हवा आत येते, टाक्याच्या पृष्ठभागावर किड्याने खाल्ल्यासारख्या रेघा पडतात किंवा भोकं दिसतात. तेव्हा कमी करा.

घासल्यावर दाखवतो, हे बघा, डाव्या बाजूला टाचणीएवढं भोक. सुरुवातीला मी वायरचं टोक कापलं नव्हतं, त्यावर गोळा होता, तिथंच बिघडलं. हे वरून लिंपायचं नाही, ग्राइंडरने तळ दिसेपर्यंत घासायचं आणि मग भरायचं, आणि भरण्याआधी त्या जागेवरचा सगळा स्लॅग काढायचा, राहिलेला स्लॅग आत अडकला तर तिथूनच चीर पडेल.

रंगाच्या आधी शेवटचा ब्रश मी दोनदा मारतो. स्लॅगवर रेड ऑक्साइड मारलं तर खपली नंतर सुटते, रंगासकट, आणि खालून गंज बाहेर. फाळका अजून हाताला गरम आहे, तो निवला की लावणार. तोपर्यंत स्पूल काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवतो, या वायरला दमट हवा सहन होत नाही, गंज चढलेली वायर टाकली तर पुन्हा भोकांचीच कहाणी. तात्या, फाळका जरा वर धरा, बिजागर फिरतोय का बघू.