संपादित ग्रंथातील अल्पविराम, अंक आणि अवतरणचिन्हे
(जळगाव येथील प्राध्यापक आणि ग्रंथसंपादकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, या सभागृहात बसलेल्या बहुतेकांच्या टेबलावर या क्षणी एखादा गौरवग्रंथ, चर्चासत्रातील निबंधांचा संग्रह किंवा संस्थेचा सुवर्णमहोत्सवी ग्रंथ अर्धवट पडलेला असणार, हे मी गृहीत धरतो. असा ग्रंथ म्हणजे पंधरावीस लेखकांचे पंधरावीस स्वभाव. प्रत्येक लेख स्वतंत्रपणे वाचला तर निर्दोष वाटतो, पण सगळे एका बांधणीत आले की कुरबुरी सुरू होतात. आपल्या फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाचेच पाहा. एक लेखक ‘डिसेंबर 1936’ लिहितो, दुसरा ‘१९३६ मध्ये’ असे मध्ये जागा सोडून लिहितो, तिसरा ‘सन ’३६ साली’ म्हणतो आणि चौथ्याला ‘शके १८५८’ लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. चौघांचेही बरोबर आहे आणि चौघांनाही आपलेच बरोबर वाटते. संपादकाने त्यातले एक निवडून शैलीपत्रकात नोंदवायचे, एवढे आपण सगळे जाणतो.

माझे म्हणणे त्याच्या एक पायरी आधीचे आहे. नियम कोणता हे ठरवण्याआधी तो कुठे लागू होणार नाही हे ठरवा. नांगर घालण्याआधी बांध पाहून घ्यावा, तसे. हे सांगण्याचा मला इतका सोस का, त्याची कथा थोडी लांबेल. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहू नये, अशी विनंती.

खानदेशाच्या सामाजिक इतिहासावरील एका निबंधसंग्रहाचे काम चालू होते. अंक देवनागरीच छापायचे, असे ठरले होते. शेवटच्या फेरीत मुद्रणालयातल्या एका हौशी अक्षरजुळणीकाराला कुठेतरी दोनचार इंग्रजी अंक राहिलेले दिसले. त्याने आमचा त्रास वाचवण्यासाठी, आम्हाला न विचारता, संपूर्ण फाईलमध्ये 0 ते 9 हे दहाही अंक ० ते ९ असे बदलून टाकले. दहा बदल आणि काही सेकंदांचे काम. प्रुफे आली तेव्हा पाने दिसायला अतिशय नीटनेटकी होती, त्यामुळे पहिला दिवस सगळे खूश होते.

मग टीपा वाचायला घेतल्या. संकेतस्थळांच्या पत्त्यांतले अंक देवनागरी झाल्यामुळे एकही पत्ता उघडेना. ग्रंथाचा आयएसबीएन क्रमांक देवनागरीत गेला होता. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८० साली निघालेला बारावा खंड म्हणजे आपला खानदेश, आणि त्यातले इंग्रजी उतारे तीनचार लेखांत होते. त्या उताऱ्यांमध्ये इंग्रजी वाक्याच्या पोटात मराठी आकडे बसले होते. अभिलेखागारातील कागदांचे क्रमांक बदलले होते, म्हणजे उद्या कोणी तो कागद मागायला गेला तर आपण दिलेला क्रमांक त्याला शोधयंत्रात जसाच्या तसा टाकता येणार नाही.

खरे नुकसान याच्या पुढे झाले. हे लक्षात आणून दिल्यावर त्याच गृहस्थांनी तत्परतेने उलटा बदल केला, म्हणजे सगळे देवनागरी अंक इंग्रजी केले. आता मूळचे देवनागरी अंकही इंग्रजी झाले. कोणता अंक मुळात कसा होता, याची कोणतीही खूण फाईलमध्ये उरली नाही. सरसकट बदलाचा हा गुण कायम ध्यानात ठेवावा: त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकसारख्या होतात, आणि एकदा एकसारख्या झाल्या की त्यांना पुन्हा वेगळे करणारी आज्ञा नसते. त्या संग्रहात एका शेतकऱ्याची जुनी पत्रे जशीच्या तशी दिली होती. तो गृहस्थ हिशेब इंग्रजी अंकांत आणि तिथी देवनागरी अंकांत लिहीत असे. लेखकाने त्यावर एक परिच्छेदभर भाष्य केले होते. आता भाष्य होते आणि ज्यावर भाष्य ते नाहीसे झाले होते. शेवटी प्रत्येक पत्र मूळ कागदाच्या छायाचित्राशी पुन्हा ताडून पाहावे लागले. ते काम कोणाच्या अंगावर पडले, हे विचारू नका. मुद्रणालयाच्या तर नक्कीच नाही.

म्हणून माझा आग्रह असा आहे की पहिल्या वाचनात एकही चिन्ह न बदलता फक्त खुणा कराव्यात. अवतरणे, जुन्या कागदपत्रांचे पाठ, अहिराणीतील मुलाखती, कविता, इतर ग्रंथांची नावे, संकेतस्थळांचे पत्ते आणि दप्तरांचे क्रमांक यांना वर्डमध्ये एक वेगळी अक्षरशैली द्यावी आणि तिला तात्पुरता ठळक रंग द्यावा. रंगीत मजकूर आपला नाही. तिथे शैलीपत्रकाची सत्ता संपते. उरलेला सगळा मजकूर आपला.

आता अल्पविराम. मोडीत लिहिणारे आपले पूर्वज शब्दसुद्धा तोडून लिहीत नसत. विरामचिन्हे मराठीत रुजवण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर कँडींना दिले जाते. उसनी घेतलेली वस्तू मालकापेक्षा जपून वापरावी तसे आपले होते, आणि इंग्रजी शैलीपुस्तकातला यादीतील शेवटच्या अल्पविरामाचा वाद आपण आपलाच समजून लढत बसतो. इंग्रजीत यादीचा शेवट जोडायलाही एकच अव्यय आणि यादीतली जोडी बांधायलाही तेच. त्यामुळे घोटाळा टाळायला तिथे अल्पविराम लागतो. आपल्याकडे ‘आणि’ आहे आणि ‘व’ही आहे. दुर्दैवाने शाळेत आपल्याला शिकवले गेले की एका वाक्यात ‘आणि’ दोनदा येऊ देऊ नये, म्हणून आपण केवळ चवीत बदल म्हणून ‘व’ घालतो.

त्याच संग्रहातल्या धर्तीवर एक वाक्य घेऊ: “परिषदेला अमळनेर, चोपडा, यावल व रावेर आणि एदलाबाद येथील शिष्टमंडळे आली होती.” शिष्टमंडळे किती? यावल आणि रावेर यांचे एकत्र शिष्टमंडळ असेल तर चार, ‘व’ केवळ चवीला असेल तर पाच. व्याकरणाच्या पुस्तकात याचे उत्तर मिळणार नाही, ते लेखकालाच विचारावे लागते. एकत्र होते असे उत्तर आले तर वाक्य आहे तसे ठेवायचे. वेगळी होती असे आले तर “अमळनेर, चोपडा, यावल, रावेर आणि एदलाबाद” असे करायचे. दोन्ही वेळा ‘आणि’पूर्वी अल्पविराम लागला नाही, कारण शैलीपत्रकात आपण असे लिहिले होते: यादीतला शेवटचा घटक ‘आणि’ने जोडावा, एका घटकाच्या आतली जोडी ‘व’ने बांधावी, ‘आणि’पूर्वी अल्पविराम देऊ नये. अपवाद एकच, जोडी शेवटी आली तर. “कापूस, केळी आणि ज्वारी व बाजरी” हे वाचताना जीभ केळी आणि ज्वारीची जोडी लावू पाहते. तिथे घटकांचा क्रम बदलता येत असेल तर बदलावा, नसेल तर ‘आणि’पूर्वी अल्पविराम द्यावा. तो अपवाद पत्रकात पृष्ठांकासह नोंदवावा, म्हणजे दुसरा मुद्रितशोधक तो चूक समजून काढून टाकणार नाही.

हा नियम यंत्राकडून लावून घेता येत नाही. कारण `, आणि` असा शोध घेतला की याद्यांबरोबर “पाऊस थांबला, आणि माणसे शेतात गेली” अशी दोन वाक्ये जोडणारे अल्पविरामही सापडतात. ते वेगळे आहेत, ते राहू द्यायचे. शोध यंत्राने घ्यावा, निर्णय एकेका जागी माणसाने करावा. ‘व’ शोधताना त्याच्या मागची आणि पुढची मोकळी जागाही शोधात घ्या, नाहीतर वांगी, विहीर आणि वगैरे सगळे समोर येतील.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली आहेत, आणि ज्या दोन गोष्टींचे आश्वासन देऊन तुम्हाला बोलावले त्या अजून बाकी आहेत. भरभर सांगतो.

अंक. दहापर्यंतच्या संख्या अक्षरी आणि पुढच्या अंकांत, हा नियम मराठीला सोयीचा आहे. शंभरापर्यंत अक्षरी लिहिण्याची पद्धत इंग्रजीत चालते, कारण तिथे वीसच्या पुढची रचना नियमित आहे. आपल्याकडे प्रत्येक संख्येला स्वतंत्र शब्द, आणि त्यातही बेचाळीस की बेताळीस, सत्तेचाळीस की सत्तेताळीस असे वाद. अक्षरी मर्यादा जितकी वाढवाल तितके शुद्धलेखनाचे नवे निर्णय अंगावर घ्याल. वाक्याच्या आरंभी अंक नको, तिथे वाक्य फिरवून घ्यावे. दीड, अडीच, साडेतीन हे अक्षरीच ठेवावेत, आणि एका परिच्छेदात ‘दीड लाख’ व ‘१.५ लाख’ एकत्र आणू नयेत. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय अंकाला जोडून, म्हणजे ‘१९३६मध्ये’. परिमाण सुटे, म्हणजे ‘५० टक्के’. मोठ्या संख्यांची यादी आली की अल्पविराम अंकांच्या पोटातही असतात आणि यादीतही, जसे “१,२५०, ३,४०० आणि ९,८०० गाठी”. तिथे घटक अर्धविरामाने तोडावेत. वेळ लिहिताना ‘१०:३०’मध्ये अपूर्णविरामाऐवजी विसर्ग पडलेला नाही ना, तेही पाहावे, डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात.

अवतरणे. बोललेले किंवा उद्धृत केलेले वाक्य दुहेरी चिन्हांत. ग्रंथनाम, नियतकालिकाचे नाव आणि अवतरणातले अवतरण एकेरी चिन्हांत. “आजी सांगायची, ‘पानी उना’” हे असे. प्रत्यय चिन्हाबाहेर आणि चिकटून, ‘केसरी’तील असा. उद्धृत पूर्ण वाक्याचा पूर्णविराम चिन्हाच्या आत, तुकडा असेल तर बाहेर. अहिराणी शब्दांना चिन्हे देऊच नयेत. बोलीतला प्रत्येक शब्द चिन्हांत कोंडणारा लेख वाचताना असे वाटते की लेखकाने आपल्या माणसांना चिमट्याने धरले आहे.

आता क्रम. आधी जुन्या फॉन्टांतले सगळे लेख युनिकोडमध्ये आणा, कारण काही जुन्या फॉन्टांत पडद्यावर १९३६ दिसते पण आत 1936 असते. मग खुणा करा. मग शोध घ्या, तोही ‘सगळे बदला’ हे बटण न दाबता:

```
[0-9]          उरलेले इंग्रजी अंक (वाइल्डकार्ड चालू)
[0-9][०-९]     एकाच संख्येत दोन लिप्या (वाइल्डकार्ड चालू)
[०-९][0-9]     तेच, उलट क्रमाने (वाइल्डकार्ड चालू)
^34            सरळ दुहेरी चिन्ह (वाइल्डकार्ड बंद)
^39            सरळ एकेरी चिन्ह (वाइल्डकार्ड बंद)
```

वर्डमध्ये साधे `"` शोधले तर सरळ आणि वक्र दोन्ही चिन्हे सापडतात, म्हणून `^34`. संक्षिप्त सालाच्या आधीचे चिन्ह हाताने तपासा. मोकळ्या जागेनंतर वर्ड ते उघडणारे समजून ‘३६ असे उलटे वळवतो. त्यामुळे शक्य तर साल पूर्णच लिहा. रंगीत मजकुरात शोध थांबला तर काहीही न बदलता पुढे जा. सर्वांत शेवटी सूची, आलेख आणि तक्ते वेगळे पाहा, कारण तक्ते बहुधा चित्र म्हणून चिकटवलेले असतात आणि कोणताही शोध त्यांच्या आत शिरत नाही. तिथले आकडे लेखकाकडून नव्याने टंकून घ्यावे लागतात, आणि ते छपाईच्या आदल्या दिवशी मागितले तर मिळत नाहीत.