लक्ष लागत नाही, ते केव्हापासून?

श्रोतेहो, नमस्कार. विहिरीवरची मोटार सुरू करून विसरलो, पीक विम्याची मुदत टळून गेली, बियाणे आणायला तालुक्याला गेलो आणि पानठेल्यावर गप्पा मारून बियाण्याविनाच परत आलो, अशा तक्रारी घेऊन तिशी-चाळिशीतली माणसे मानसोपचार विभागात येतात. मोबाईलवर काहीतरी पाहिलेले असते, म्हणून संकोचाने विचारतात, "डॉक्टरसाहेब, मला तो एडीएचडी तर नसेल?" एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणे आणि चंचलता आवरणे जड जाण्याची, लहानपणापासूनची अडचण. ती आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर पाच मिनिटांत देता येत नाही. ते कसे शोधले जाते, हे आज एका उदाहरणावरून सांगतो. उदाहरणातील माणसाला आपण गजानन म्हणू. तो कोणी एक रुग्ण नाही, अनेकांच्या हकिकतींतून मी तो जुळवला आहे.

गजानन छत्तीस वर्षांचा कास्तकार. खरिपात पऱ्हाटी आणि सोयाबीन, विहीर असल्यामुळे रब्बीत हरभरा. घरचे त्याला धांदरट म्हणतात. एकाच कामाला तो चारदा हात घालतो आणि चारही वेळा ते अर्धे टाकतो. बँकेचे पासबुक कुठे ठेवले, हे त्याला कधीच सापडत नाही. मात्र बिघडलेला फवारणी पंप उघडून बसला, की जेवणाचेही भान राहत नाही. आवडीच्या कामात गढून जाणारा माणूस लक्षाच्या अडचणीचा असूच शकत नाही, असे पुष्कळांना वाटते, पण ते खरे नाही. अडचण लक्ष नसण्याची नसून ते हव्या त्या कामावर हव्या त्या वेळी वळवता न येण्याची असते.

पहिल्या भेटीत त्याच्याकडून जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली भरून घेतली जाते. तिच्यात एकूण १८ प्रश्न आहेत आणि पहिले सहा चाळणीचे आहेत. कामाचा शेवटचा टप्पा पूर्ण करणे किती वेळा जड जाते, ठरलेली भेट किंवा देणेघेणे किती वेळा विसरते, असे ते प्रश्न असून 'कधीच नाही' पासून 'खूप वेळा' पर्यंत उत्तरे द्यायची असतात. त्या सहांपैकी चार किंवा अधिक उत्तरे ठरावीक मर्यादेच्या वर गेली, तर पुढची तपासणी करावी, एवढाच त्याचा अर्थ. ते निदान नव्हे. रक्ततपासणीतून किंवा मेंदूच्या स्कॅनमधून एडीएचडी दिसत नाही. रक्त तपासले जाते ते दुसरी कारणे शोधण्यासाठी: थायरॉईड बिघडले आहे का, हिमोग्लोबिन कमी आहे का, हे पाहावे लागते.

यानंतर येतो तो भाग, जो मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि ज्यात घाई करणाऱ्याची हमखास फसगत होते. गजाननला विचारले, "हे केव्हापासून?" तो म्हणाला, "दोन-तीन वर्षांपासून." तेवढ्यावर थांबलो असतो, तर एडीएचडी नाही असे म्हणावे लागले असते, कारण प्रचलित निकषांप्रमाणे काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीच दिसलेली असावी लागतात, आणि प्रौढात निदानासाठी अवधानाच्या किंवा चंचलतेच्या नऊपैकी किमान पाच लक्षणे सहा महिन्यांहून अधिक काळ, घर आणि शेत अशा एकाहून अधिक ठिकाणी, आयुष्यात अडथळा आणणारी असावी लागतात. मग त्याच्या आईला बोलावले. ती म्हणाली, "याची पाटी महिन्याला हरवे, गुरुजी रोज उभं करत." जुन्या पेटीतून निघालेल्या प्रगतिपुस्तकावरही 'हुशार आहे, पण लक्ष नाही' असा शेरा होता. स्वतःचे लहानपण माणसाला नीट आठवत नाही, म्हणून आई, मोठा भाऊ किंवा जुने गुरुजी यांची साक्ष मोठी असते. मुलींच्या बाबतीत ती अधिकच जपून घ्यावी लागते, कारण वर्गात शांत बसून मनाने दुसरीकडे असलेल्या मुलीची तक्रार शाळा करत नाही.

तरीही निष्कर्ष काढायची वेळ आलेली नव्हती. आपल्याकडे शेतीची लाईन आठवड्यातले काही दिवस रात्रीच मिळते. हरभऱ्याच्या ओलितासाठी गजानन मध्यरात्री धुऱ्यावर उभा असे आणि सकाळी जनावरे पाहत असे. अपुऱ्या झोपेने विसराळूपणा, चिडचिड आणि कामात चुका होतात, त्या हुबेहूब एडीएचडीसारख्या दिसतात. त्यामुळे प्रश्न असा विचारला, "पावसाळ्यात, मोटार बंद असते आणि रात्रभर झोप होते, तेव्हा कसे असते?" त्याचे उत्तर होते, "तेव्हाही तसंच, थोडं कमी." ऑगस्टमध्ये तो पूर्ण सावरत असता, तर रोख झोपेकडे वळला असता. इथे दोन्ही गोष्टी होत्या: मूळ अडचण लहानपणापासूनची, आणि जागरणाने तिच्यात पडलेली भर. याच टप्प्यावर दारू, खर्रा, घोरणे, उदासी, कर्जाची चिंता यांची विचारपूस होते, वजन, नाडी आणि रक्तदाब पाहिले जातात. खर्रा विचारला की लोक हसतात, पण तंबाखूतील निकोटीन थोडा वेळ लक्ष जागे करते, आणि कित्येकांचे व्यसन त्या आधारावरच वाढलेले असते. हे सारे व्हायला दोन-तीन भेटी लागल्या, तर चिडू नये. उलट आयुष्यभर व्यवस्थित वागलेला माणूस पन्नाशीत एकाएकी विसरू लागला, तर एडीएचडीचा विचार बाजूला ठेवून इतर कारणांसाठी लवकर दाखवावे.

निदान पक्के झाल्यावर गोळ्या द्यायच्या की नाही, हे डॉक्टर ठरवतात. मिथाइलफेनिडेटसारखे औषध कडक नियमांखाली, चिठ्ठीवरच मिळते, आणि अॅटोमॉक्सेटिन या दुसऱ्या औषधाचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. कोणाच्या उरलेल्या गोळ्या घेऊन पाहू नयेत.

पण तपासणीची तारीख दूर असते, तोवर काय? लक्षात ठेवायचा प्रयत्न वाढवू नये, लक्षात ठेवण्याची गरज कमी करावी. गजाननने मोटार सुरू करतानाच मोबाईलचा गजर लावायला सुरुवात केली, आणि गजराच्या नावात वेळ न लिहिता 'मोटार बंद कर' असे लिहिले. गजर वाजल्यावर उठून मोटार बंद करीपर्यंत तो थांबवायचा नाही, हाही नियम त्याने केला, कारण 'बंद करतो' म्हणत गजर दाबला की काम पुन्हा हातचे निसटे. पासबुक, सातबारा आणि आधार दारामागच्या एकाच पिशवीत आले. वापरून झाले की पिशवीतच. विम्याचा अर्ज त्याने एकट्याने भरायचा सोडला. शेजारच्या भावाला सोबत बसवून भरला. दुसऱ्याने मदत केली नाही तरी चालते, नुसते कोणी समोर असले की काम हातून सुटत नाही. हे उपाय दोन आठवड्यांत जुने वाटू लागतात, तेव्हा गजराचा आवाज किंवा पिशवीची जागा बदलावी.

फवारणीच्या बाबतीत मात्र आठवणीवर भिस्त ठेवणे घातक आहे. औषधाची मात्रा खडूने ड्रमवर लिहावी, किती पंप भरले त्याच्या खुणा कराव्यात आणि जागरण झालेल्या सकाळी फवारणी करू नये.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते. तिथून किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातून भेट ठरवून जाताना प्रगतिपुस्तक मिळाले तर घ्या, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे घ्या, आणि लहानपणापासून ओळखणाऱ्या एखाद्या माणसाला सोबत न्या. नमस्कार.