ट्रॉफीच्या लेबलवर सहा ओळी? नाही मावत हो!

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न वीस वेळा आलाय, "दादा, लेबलवरची अक्षरं काळी चिंधी का दिसतात?" तर आज तेवढंच बोलू.

समजा ट्रॉफीच्या बेसवरचं लेबल ७५ बाय २५ मिमी. कडेने अडीच-अडीच मिमी सोडा, म्हणजे स्क्रू-बिक्रू असला तरी अडचण नाही. राहिली उंची २० मिमी. आता मंडळाने व्हॉट्सअ‍ॅपवर काय पाठवलं? मंडळाचं नाव, स्थापना वर्ष, "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ", कबड्डी स्पर्धा, द्वितीय क्रमांक, सौजन्य. सहा ओळी! भागाकार करा, एका ओळीला जेमतेम सव्वातीन मिमी. त्यात वरची वेलांटी, रफार, खालचा उकार आणि दोन ओळींमधली फट. मूळ अक्षराला दीड मिमीही उरत नाही, मग 'द्व' आणि 'ष्ठ'ची पोटं भरून जातात आणि लेसरवाल्याला शिव्या.

इंग्रजीत कॅपिटलमध्ये हे खपतं, कारण वर-खाली काही लटकत नाही. आपल्याला प्रत्येक ओळीला तिची वरची आणि खालची जागा द्यावीच लागते, म्हणून मी तीनच ओळी घेतो: स्पर्धा, क्रमांक, स्मरणार्थ. प्रत्येकी साडेसहा मिमी, अक्षर सुमारे तीन मिमी. मंडळाचं नाव वरच्या मोठ्या प्लेटवर, सौजन्य मागे. कोणी म्हणालं कमेंटमध्ये, "फॉन्ट बारीक करा ना". अहो, बारीक करूनच तर चिंधी झाली!

आणि हो, 'द्वितीय' लिहा, 'व्दितीय' नाही. 'स्मृतिचिन्ह'मध्ये ति ऱ्हस्व. एकदा कोरलं की रबर चालत नाही.

आता माझी फजिती. एका स्मृतिचषकावर मी ओळ मधेच तोडली, 'कै.' वरच्या ओळीच्या शेवटी अडकला आणि आईचं नाव खाली गेलं. वर मुलाचं नाव होतं, तो देणगीदार, समोर हयात! वाचताना 'कै.' त्यालाच लागला. बक्षीस समारंभाला तो हसला, पण सगळी लेबलं मी पुन्हा काढली, पदरचे पैसे घालून. तेव्हापासून श्री., सौ., कै. आणि नाव एकाच ओळीत. नाव मावत नसेल तर दुसरा शब्द कापा.

कोरलड्रॉमध्ये मजकूर तपासून झाला की Ctrl+Q ने कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार होतात, नाहीतर दुकानदाराकडे फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात. आधीची कॉपी जपा, कर्व्ह झाल्यावर स्पेलिंग सुधारता येत नाही.

आणि मोबाईलवर झूम करून "मस्त" म्हणू नका. कागदावर शंभर टक्के साइजला प्रिंट काढा, 'फिट टू पेज' बंद करून, कात्रीने कापा, ट्रॉफीवर चिकटवा आणि हातभर लांब धरून घरातल्या चष्मेवाल्याला वाचायला द्या. माझ्याकडे बाबा आहेत, ते अडखळले की मी एक ओळ उडवतो.